किमान दोन

पूर्वी गणित अडलं की मुलं वही घेऊन घरी येत. चप्पल काढत, पाणी पीत, इकडचं तिकडचं बोलत आणि मग हळूच उदाहरण पुढे सरकवत. तेवढ्या वेळात निम्म्या मुलांना ते आपलं आपणच सुटायचं. आता उदाहरण फोटोतून येतं आणि एकटंच येतं. सोबत ना नमस्कार, ना चौकशी. फार तर जोडलेले दोन पिवळे हात असतात. पुस्तकाचं पान वळलेलं असेल तर ओळीचे शेवटचे शब्द शिवणीच्या दरीत गेलेले असतात. पान सपाट असेल तर फोटो हललेला असतो. आणि फोटो स्वच्छ आलाच, तर तो शेजारच्या उदाहरणाचा असतो.

भाचीने पाठवलेला फोटो या सगळ्यांत वरच्या दर्जाचा होता. हुबळीला कोप्पीकर रोडवर माझ्या धाकट्या भावाचं कापडाचं दुकान आहे. भाची पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळी क्लास सुटला की आई न्यायला येईपर्यंत मामाच्या दुकानात बसते आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत गणितं सोडवते. काउंटरच्या काचेवर पुस्तक, बाजूला गुंडाळलेली टेप, वर ट्यूबलाइट. फोटोत या सगळ्यांना जागा मिळाली होती. जी काही अडचण झाली ती उदाहरणाची. कारखान्यात तयार होणाऱ्या नगांपैकी सदोष नगांचं प्रमाण '0.' एवढं दिसत होतं, मग ट्यूबलाइटची चकाकी, मग '5'. त्यातले 20 नग तपासायला घेतले, हे स्वच्छ होतं. पुढे इंग्रजीत 'ॲट', त्यानंतर भाचीचा अंगठा, आणि अंगठ्याच्या पलीकडे '2 सदोष असण्याची संभाव्यता काढा'.

गुणवत्ता नियंत्रणाचं उदाहरण, आणि फोटोच सदोष!

चकाकीखालचा आकडा मात्र अंदाजाने काढता येतो. तिथे शून्य असेल तर 0.05, काहीच नसेल तर 0.5. आता 0.5 म्हणजे निम्मा माल वाया. असा कारखाना नमुने तपासत बसत नाही, कुलूप लावतो. शिवाय 20 ला 0.5 ने गुणलं की सरासरी 10 सदोष नग येतात. मग 'किमान 2 निघतील का' हा प्रश्न विचारायचंच कारण उरत नाही, कारण उत्तर 0.99998 येतं. 0.05 धरलं तर 20 नगांत सरासरी 1 सदोष येतो, आणि 2 निघतील की नाही याची खरोखर उत्सुकता राहते. उदाहरण रचणारा माणूस साधारणपणे उत्सुकता राहील असेच आकडे घेतो. तेव्हा 0.05.

अंगठ्याखालच्या शब्दाला असा तर्क चालत नाही. तिथे 'लीस्ट' असेल तर किमान दोन, 'मोस्ट' असेल तर जास्तीत जास्त दोन. दोन्ही प्रश्न तितकेच शहाणे आहेत आणि दोन्ही परीक्षेत येतात. मी फोन लावला. मागे कुणीतरी शर्टपीसचा भाव करत होतं.

"अंगठा काढ आणि वाच."

"ॲट लीस्ट, मामा. फोटोत दिसतंय की!"

प्रश्न अर्धामुर्धा पोचवण्याची परंपरा तशी जुनी आहे. 1693 साली लंडनच्या सॅम्युअल पेपिस यांनी, म्हणजे ज्यांची रोजनिशी आजही वाचली जाते त्या गृहस्थांनी, आयझॅक न्यूटन यांना पत्राने एक प्रश्न पाठवला. 6 फासे टाकून किमान एक षटकार, 12 फासे टाकून किमान दोन, की 18 फासे टाकून किमान तीन, यांपैकी कोणती गोष्ट घडण्याची शक्यता जास्त? न्यूटननी आधी, प्रश्न नीट मांडलेला नाही, असं कळवलं, स्वतःच्या शब्दांत तो पुन्हा मांडला, आणि मगच उत्तर दिलं. पेपिस यांचा भरवसा 18 फाशांवर होता. खरी उत्तरं निघतात 0.665, 0.619 आणि 0.597, म्हणजे नेमकी उलट्या क्रमाने. यातला मधला प्रश्न आणि भाचीचा प्रश्न सख्खी भावंडं. तिथे षटकार, इथे सदोष नग. तिथे 12, इथे 20. 'किमान दोन' दोन्हीकडे तेच.

भाचीने प्रयत्न केला नव्हता असं नाही. पाठोपाठ तिच्या वहीच्या पानाचा दुसरा फोटो आला. किमान दोन म्हणजे दोन किंवा तीन किंवा चार, असं थेट वीसपर्यंत. पुस्तकातलं सूत्र तिला पाठ होतं, आणि तिने ते एकेका संख्येला लावून बेरीज करायला घेतली होती. नेमके 2 सदोष असण्याची संभाव्यता 0.1887. नेमके 3 ची 0.0596. पुढे आकडे भराभर बारीक होत गेले आणि गुणाकार त्याच गतीने लांब. सातच्या पायरीपाशी 20 तून 7 निवडण्याचे 77520 प्रकार लिहून तिने पेन खाली ठेवलं होतं. पद्धत बरोबरच होती. फक्त तिथून अजून तेरा पायऱ्या उरल्या होत्या आणि परीक्षेत या उदाहरणाला असे कितीसे गुण असणार?

अशा वेळी नको असलेल्या बाजूने जावं. 20 नगांत सदोष नग 0 निघतील, 1 निघेल, 2 निघतील, असं करत 20 पर्यंत एकवीस शक्यता आहेत. यांतली एक कुठली तरी घडणारच, म्हणून सगळ्यांची बेरीज 1. आपल्याला हव्यात त्यांतल्या एकोणीस. नको आहेत फक्त दोन: एकही सदोष नाही, आणि नेमका एकच सदोष. तेव्हा या दोन काढायच्या आणि 1 मधून वजा करायच्या.

`P(X ≥ 2) = 1 − P(X = 0) − P(X = 1)`

एकही सदोष नाही, म्हणजे वीसच्या वीस नग चांगले. एक नग चांगला असण्याची संभाव्यता 0.95, म्हणून 0.95 चा विसावा घात. तो काढायला वीस वेळा गुणायची गरज नाही. 0.95 चा वर्ग 0.9025. त्याचा वर्ग केला की चौथा घात, 0.8145. त्याचा वर्ग आठवा घात, 0.6634. त्याचा वर्ग सोळावा, 0.4401. सोळावा आणि चौथा यांचा गुणाकार म्हणजे विसावा: 0.3585. पाच गुणाकारांत काम झालं.

नेमका एक सदोष, यासाठी एक 0.05 आणि एकोणीस वेळा 0.95. पण तो वाईट नग पहिला असेल, दुसरा असेल, की विसावा, हे आपण ठरवलेलं नाही. म्हणून वर 20 ने गुणायचं. हे 20 विसरणं हा या उदाहरणातला सर्वांत लोकप्रिय अपघात आहे. इथे गंमत अशी की 20 गुणिले 0.05 बरोबर 1. म्हणजे उरतो फक्त 0.95 चा एकोणिसावा घात, आणि तो मिळवायला मघाचं 0.3585 हे 0.95 ने भागलं की झालं: 0.3774. दोन्ही मिळून 0.7358 आणि 1 मधून गेले की 0.2642. वहीत चार ओळी.

"एवढंच?" भाची म्हणाली. तिच्या आवाजात आनंदापेक्षा त्या भरलेल्या पानाचं दुःख जास्त होतं.

एवढंच खरं, पण या चार ओळींत पाय घसरायच्या जागा आहेत, आणि घसरल्यावर येणारी उत्तरंही दिसायला सभ्य असतात. कुणी 'किमान दोन' वाचतो आणि 0, 1 आणि 2 असे तिन्ही वजा करतो. त्याचं उत्तर 0.0755. तो ज्याचं उत्तर देतो तो प्रश्न आहे 'किमान तीन'. कुणाला एवढंच आठवत असतं की अशा उदाहरणात शून्य वजा करायचं. त्याचं उत्तर 0.6415, म्हणजे 'किमान एक'. यातलं कुठलंच उत्तर ऋण नाही, 1 हून मोठं नाही. संशय यावा असं त्यांच्या तोंडावर काही लिहिलेलं नसतं.

मग ताळा कसा करायचा? माझ्या मते अंगठ्याखालचे दोन्ही शब्द एकदा शेजारी ठेवून पाहावेत. किमान दोनचं उत्तर 0.2642. जास्तीत जास्त दोनचं उत्तर, म्हणजे 0, 1 आणि 2 यांची बेरीज, 0.9245. हे एकमेकांचे विरुद्ध असते तर बेरीज 1 व्हायला हवी होती. होते 1.1887. वरचे 0.1887 कुठून आले? भाचीच्या वहीतली पहिली ओळ पाहा: नेमके 2 असण्याची संभाव्यता तेवढीच आहे. 'नेमके दोन' ही शक्यता दोन्ही पंगतींत जेवून गेली. किमान दोनमध्येही ती बसते आणि जास्तीत जास्त दोनमध्येही. म्हणूनच किमान दोनचं उलट म्हणजे जास्तीत जास्त एक. हे एकदा बेरजेत दिसलं की नियम पाठ करावा लागत नाही.

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे दुकानात हे सगळं भावाने ऐकलं होतं. गिऱ्हाईक गेल्यावर तो मध्ये पडला.

"दादा, हे तर माझंच आहे. टॉवेलचा गठ्ठा आला की मी वीस नग उघडून बघतो. एखादा फाटका, डागाळलेला निघाला तर चालतं. दोन निघाले की गठ्ठा परत."

हा नियम त्याला कुणी शिकवलेला नाही. वडिलांपासून चालत आलाय. पण 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हॅरल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी नमुना तपासणीच्या ज्या योजना बसवल्या, त्यांचा सांगाडा हाच: इतके नग काढा, इतके सदोष निघेपर्यंत माल घ्या, त्याहून एक जरी जास्त निघाला तर नाकारा. भावाच्या योजनेत नमुना 20 चा आणि माफी एका नगाची. आता मघाच्या दोन संख्यांना वेगळाच चेहरा येतो. 0.7358 म्हणजे 5 टक्के खराबीचा गठ्ठा दुकानात राहण्याची शक्यता. 0.2642 म्हणजे तो परत जाण्याची. गणितात जी नको असलेली बाजू म्हणून आपण वजा केली, तीच त्याच्या दुकानात कपाटात जाते आणि विकली जाते. त्याला तर तीच आधी हवी.

"म्हणजे शंभरात पाच खराब असलेला गठ्ठा मी चारांत तीन वेळा ठेवून घेतो?"

"साधारण तसंच."

तो जरा गप्प झाला. मग व्यापारी जागा झाला. "आणि शंभरात एक असेल तर? दहा असतील तर?"

हा प्रश्न भाचीच्या पुस्तकात नव्हता, पण गुणवत्ता नियंत्रणाचा खरा प्रश्न हाच. चार ओळींची रीत हातात असल्यामुळे फोनवरच करता आला. खराबी 1 टक्का असेल तर गठ्ठा परत जाण्याची शक्यता 0.017, म्हणजे जवळजवळ नाहीच. चांगल्या व्यापाऱ्याला विनाकारण त्रास होत नाही. 10 टक्के असेल तर 0.61. 20 टक्के असेल तर 0.93. म्हणजे वडिलांचा नियम फार वाईट माल नक्की पकडतो, फार चांगला माल नक्की सोडतो, आणि मधल्या मालाच्या बाबतीत छापा-काटा करतो. 5 टक्के त्याला खपत नसतील तर नियम बदलायला हवा: जास्त नग उघडायचे, किंवा माफी काढून घ्यायची. एक जरी वाईट निघाला तरी परत, असं ठरवलं तर 5 टक्क्यांचा गठ्ठा 0.64 शक्यतेने परत जाईल. पण मग 1 टक्क्याचा चांगला गठ्ठाही 0.18 शक्यतेने परत जाईल, आणि तो पाठवणारा पुढच्या वेळी फोन उचलणार नाही. माफी काढली की तिची किंमत कुणाला तरी पडते.

"पण माझा गठ्ठा शंभराचाच असतो," भाऊ म्हणाला. "काढलेला टॉवेल मी परत आत टाकून पुन्हा थोडाच काढतो?"

कापडाच्या व्यापाऱ्याने एवढं नेमकं बोट ठेवावं याचं मला कौतुक वाटलं. भाचीच्या सूत्रात प्रत्येक नगाला 0.05 हीच शक्यता लागते, आधी काय निघालं याची पर्वा न करता. पण शंभरांत पाचच वाईट असतील आणि पहिलाच वाईट हाताला लागला, तर उरलेल्या 99 त चारच राहतात. शक्यता हलते. या हलण्याचा हिशेब ठेवून नीट केलं तर उत्तर येतं 0.2605. आपलं होतं 0.2642. फरक तिसऱ्या दशांश स्थळाचा. गठ्ठा मोठा असेल तर तोही उरत नाही. पुस्तकवाले म्हणूनच 'कारखान्यातून' नग काढतात. कारखान्याचा माल संपत नाही असं धरलं की सूत्र निर्धास्त वापरता येतं.

खरा दगा दुसरीकडून होतो. हुबळीतच बेंगेरीला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघात राष्ट्रध्वज तयार होतात. कापड हाताने कातलेल्या-विणलेल्या खादीचं, आणि माप, रंग, अशोकचक्राची छपाई सगळं आयएस 1 या मानकाप्रमाणे. भाचीच्या उदाहरणातल्या 5 टक्क्यांचा त्या संघाशी काही संबंध नाही. पण समजा, असे कुठलेही छापील चौकोन आपण तपासतो आहोत आणि छपाईची चौकट मध्येच जराशी सरकली. मग एक चक्र वाकडं येऊन थांबत नाही, चौकट सरळ होईपर्यंत मागोमागचं प्रत्येक चक्र वाकडं येतं. अशा वेळी दोष एकेकटे फिरत नाहीत, घोळक्याने येतात. ओळीने वीस नग उचलले तर एकतर वीसही चांगले किंवा बरेचसे वाईट. शंभरात पाच हे प्रमाण खरं असूनही 0.2642 हे उत्तर खोटं ठरतं, कारण एका नगाने दुसऱ्याची चुगली करायची नाही ही सूत्राची अटच मोडलेली असते. ओळखायची खूण सोपी: सापडलेले वाईट नग एकाच थप्पीतले, एकाच दिवसाचे किंवा एकाच मागावरचे आहेत का ते पाहायचं. तसे असतील तर गणित बाजूला ठेवून माणसाला फोन करायचा. भाऊ तर आधीच काळजी घेतो. गठ्ठ्याच्या वरचे वीस न उघडता वरून, मधून, तळातून काढतो. "वरचे वीस पाठवणाऱ्याने माझ्यासाठीच नीट लावलेले असतात," असं त्याचं म्हणणं.

भाचीला एव्हाना गृहपाठाची पुढची ओळ सापडली होती. "मामा, पुढच्यात ॲट लीस्ट 18 चांगले आहे. वजाबाकीच ना?"

तिथेच सांभाळायचं. वीसपैकी किमान 18 चांगले म्हणजे 18, 19 किंवा 20, तीनच शक्यता. उलट बाजूला अठरा. इथे वजाबाकी करायला जाणं म्हणजे तिच्या पहिल्या पानाची पुनरावृत्ती, फक्त उलट्या दिशेने. सरळ बेरीज करायची. आणि हेही पाहायचं की 'किमान 18 चांगले' म्हणजे 'जास्तीत जास्त 2 सदोष', त्याचं 0.9245 हे उत्तर आपण वर काढून ठेवलेलंच आहे.

तेव्हा 'किमान' दिसला की लगेच वजाबाकीकडे धावू नये. आधी दोन्ही बाजूंच्या शक्यता बोटांवर मोजाव्यात. हव्या असलेल्या कमी असतील तर बेरीज, नको असलेल्या कमी असतील तर वजाबाकी, आणि वजाबाकी केली तर काठावरची संख्या कुठल्या पंगतीत बसवली ते एकदा तपासून घ्यावं. आणि प्रश्न फोटोने पाठवायचाच असेल, तर 'किमान' या शब्दावर अंगठा ठेवू नये. बाकीचं आम्ही ओळखतो, तेवढं ओळखता येत नाही.